धानाचा कोंडा व जवसाची ढेप : शेकडा १८ प्रथिनांचा खुराक तोलून कसा बसवावा

चंद्रपूर व १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन्ही जिल्ह्यांतील धानाच्या मुलुखात जनावरांचे मुख्य खाद्य म्हणजे धानाचे तणस होय. मळणी आटोपली की घरामागे तणसाचे ढीग उभे राहतात आणि पुढील पावसाळ्यापर्यंत गाई, म्हशी व बैल त्यावरच निभतात. तणस पोट भरते. परंतु त्यात प्रथिने शेकडा तीन ते चार एवढीच असतात. जनावराच्या कोठ्यात जे सूक्ष्म जंतू चारा कुजवून पचवितात, त्यांनाही जगण्यास नत्र लागते. ते न मिळाल्यास तणस कोठ्यात अधिक काळ पडून राहते व जनावर एकंदर चाराच कमी खाते. यास्तव दुभत्या जनावरास तणसाबरोबर जो खुराक घालावयाचा, त्यात प्रथिनांचे प्रमाण बरेच अधिक असावे लागते. सामान्यतः शेकडा १८ ते २० प्रथिने असलेला खुराक योग्य समजतात. या लेखात आम्ही शेकडा १८ हे प्रमाण धरून चालतो.

हा खुराक बाजारातून तयार आणता येतो. तथापि आमच्या भागातील शेतकऱ्याच्या हाती दोन पदार्थ सहज असतात. एक, गिरणीवर स्वतःचे धान भरडून मिळालेला कोंडा. आणि दुसरा, जवसाची ढेप. धान कापणीस येण्यापूर्वी उभ्या पिकातच, बांधीत ओल असताना, जवस वा लाखोळी फेकून देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्या जवसाचे तेल काढले म्हणजे ढेप उरते. प्रश्न एवढाच की, कोंडा किती व ढेप किती घ्यावी. बहुतेक घरी याचे उत्तर ‘दोन घमेली हे, एक घमेले ते’ असे अंदाजाने दिले जाते. तो अंदाज कोठे चुकतो, हे हिशेब केल्यावाचून कळत नाही.

प्रथम दोन्ही पदार्थांतील प्रथिने माहीत पाहिजेत. चांगला, तूस नसलेला धानाचा कोंडा शेकडा १२ च्या आसपास भरतो. जवसाची ढेप शेकडा २८ ते ३२ पर्यंत असते. तेल किती निघाले आहे यावर हा आकडा कमीअधिक होतो. आपण उदाहरणासाठी कोंडा १२ व ढेप २९ असे धरू. आपणांस हवे आहेत १८.

आता एक किलो ढेप घेऊन पाहा. तीत २९० ग्रॅम प्रथिने आहेत. आपणांस एका किलोमागे हवी आहेत १८०. म्हणजे ढेपेच्या प्रत्येक किलोत ११० ग्रॅम जास्तीची आहेत. उलटपक्षी एक किलो कोंड्यात १२० ग्रॅमच आहेत. म्हणजे प्रत्येक किलोस ६० ग्रॅमची तूट आहे. मिश्रण बरोबर बसावयाचे तर ढेपेची सर्व शिल्लक कोंड्याची सर्व तूट भरून काढण्यात संपली पाहिजे, न कमी न जास्त. सहा किलो ढेपेची शिल्लक ६६० ग्रॅम होते आणि अकरा किलो कोंड्याची तूटही ६६० ग्रॅमच होते. तेव्हा सहा भाग ढेप व अकरा भाग कोंडा, हेच उत्तर.

हाच हिशेब झटपट करण्यासाठी एक चौकोन काढतात. पशुवैद्यक व दुग्धशास्त्र शिकविणाऱ्या विद्यालयांत त्यास पिअर्सनचा चौकोन म्हणतात. डाव्या बाजूच्या दोन कोपऱ्यांत दोन पदार्थांचे आकडे लिहावे, मध्यभागी हवा असलेला आकडा लिहावा, आणि कर्णाच्या रेषेने लहान आकडा मोठ्यातून वजा करून बाकी समोरच्या कोपऱ्यात मांडावी.

ढेप २९ ………………… ६ भाग ढेप (१८ वजा १२)

………………… १८ …………………

कोंडा १२ ………………… ११ भाग कोंडा (२९ वजा १८)

येथे नवशिक्याची चूक एकच होते. तो २९ मधून १८ वजा करून आलेले ११ हे ढेपेचे भाग समजतो, कारण ती वजाबाकी ढेपेच्या आकड्यातून झालेली असते. परंतु बाकी कर्णाने पलीकडे जाते. ढेपेची शिल्लक मोठी, म्हणून कोंडा अधिक लागतो. मनात शंका आली तर एवढे पाहावे की, हवा असलेला आकडा ज्या पदार्थाच्या अधिक जवळ आहे, त्या पदार्थाचे भाग अधिक आले पाहिजेत. १८ हे १२ ला जवळ आहे, २९ पासून दूर आहे. म्हणून कोंडा अधिक.

ही युक्ती पाश्चात्य नावाने प्रसिद्ध असली तरी तिचे गणित आपणांस परके नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या लीलावतीत सुवर्णगणित म्हणून जे प्रकरण आहे, त्यात निरनिराळ्या कसांचे सोने एकत्र आटवून मधला कस मिळविण्याची रीत सांगितली आहे. सोळा वर्णाचे व दहा वर्णाचे सोने मिळवून बारा वर्णाचे करावयाचे असल्यास पहिल्याचे दोन भाग व दुसऱ्याचे चार भाग घ्यावे लागतात. वाचकांनी वरील चौकोनात हे आकडे घालून पाहावे. तेच उत्तर येईल. सोनाराचा कस व आपली प्रथिने या दोहोंचा हिशेब एकच आहे.

सहा व अकरा मिळून सतरा भाग झाले. शंभर किलो खुराक करावयाचा तर सहास सतराने भागून शंभराने गुणावे : ढेप ३५.३ किलो येते. बाकी ६४.७ किलो कोंडा. पडताळा अवश्य घ्यावा. ३५.३ किलो ढेपेत १०.२४ किलो प्रथिने, ६४.७ किलो कोंड्यात ७.७६ किलो, बेरीज बरोबर १८ किलो. हा पडताळा दोन ओळींचा आहे, आणि उलटे भाग घेण्याची चूक त्यात तत्काळ उघडी पडते. भाग उलटे घेतले असते तर बेरीज २३ वर गेली असती.

परंतु खुराकात केवळ कोंडा व ढेप नसते. शंभर किलोमागे दोन किलो खनिज मिश्रण व एक किलो मीठ आपण घालतो, आणि या तीन किलोत प्रथिने मुळीच नाहीत. वरील मिश्रण ९७ किलो घेऊन त्यात ही तीन किलो भर घातली तर सबंध खुराकातील प्रमाण १८ हून खाली, साडेसतराच्या जवळ येते. हे टाळावयाचे तर मध्यभागी १८ न लिहिता, १८ ला ९७ ने भागून शंभराने गुणलेला आकडा, म्हणजे १८.५६, लिहावा. मग ढेपेचे भाग ६.५६ व कोंड्याचे १०.४४ येतात, ९७ किलोत ढेप ३७.४ व कोंडा ५९.६ किलो. फरक दोन किलो ढेपेचा आहे. तो फार नाही हे आम्हांस मान्य आहे; पण प्रथिने नसलेली भर जितकी अधिक, तितका हा फरक वाढत जातो, आणि गूळ, खडू, मीठ असे पदार्थ हात सैल सोडून घालणारे शेतकरी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आता घमेल्याच्या मापाकडे येऊ. चौकोनातून निघालेले भाग हे वजनाचे भाग होत, मापाचे नव्हेत. कोंडा हलका व फुगीर, फोडलेली ढेप जड. समजा, तेलाच्या रिकाम्या डब्यात कोंडा पाच किलो मावतो व ढेप आठ किलो. कोणी अकरा डबे कोंडा व सहा डबे ढेप घेतली, तर प्रत्यक्षात ५५ किलो कोंडा व ४८ किलो ढेप पडली. प्रथिने शेकडा जवळजवळ २० झाली. जनावरास त्याने अपाय होणार नाही, पण शंभर किलोमागे अकरा किलोंहून अधिक ढेप विनाकारण गेली. गाय लागणीपेक्षा जास्त प्रथिने साठवून ठेवीत नाही. त्यांतील नत्र मूत्रावाटे बाहेर पडते. ज्यांच्या घरी रोज काटा लावणे शक्य नाही, त्यांनी एकदा आपल्याच डब्यात आपलाच कोंडा व आपलीच ढेप भरून दोन्ही तोलावी आणि डब्याच्या आत किती ठिकाणापर्यंत किती किलो होते याची खूण करून ठेवावी. दुसऱ्याच्या डब्याचा आकडा घेऊ नये. कोंडा दाबून भरला की सैल, एवढ्यानेही किलोभराचा फरक पडतो. पेंढीचा नवा लाट आला म्हणजे डबा पुन्हा तोलावा.

एवढा हिशेब अचूक साधला तरी खरी अडचण पुढेच आहे. चौकोन कधी चुकत नाही. चुकतात ते त्यात घातलेले आकडे. आणि आपल्या भागात सर्वांत अधिक फसविणारा आकडा कोंड्याचा आहे.

धानावर बाहेरचे टरफल म्हणजे तूस असते; ते काढल्यावर आतील तांदळाच्या दाण्यावर जो तांबूस पापुद्रा राहतो, तो घासून निघाला म्हणजे खरा कोंडा होतो. ज्या गिरणीत तूस काढण्याचे यंत्र वेगळे व तांदूळ सडण्याचे यंत्र वेगळे असते, तेथे हे दोन्ही निरनिराळ्या नळ्यांनी बाहेर पडतात व कोंडा शुद्ध मिळतो. परंतु खेड्यापाड्यांतील लहान हलरात एकाच यंत्रात दोन्ही कामे होतात. तेथे तुसाचे चूर कोंड्यातच मिसळून येते. तुसात प्रथिने नाममात्र, आणि बाकीचा पुष्कळसा भाग वाळूसारखी राख व न पचणारे तंतू. अशा हलरच्या कोंड्यात प्रथिने शेकडा सहापर्यंतही खाली येतात. रंगावरून व वजनावरून तो पुष्कळदा ओळखूही येत नाही.

आता वरचेच मिश्रण अशा कोंड्याने केले तर काय होते ते पाहा. ६४.७ किलो कोंड्यात ७.७६ च्या जागी ३.८८ किलो प्रथिने, ढेपेची १०.२४ किलो तशीच. बेरीज १४.१. शेतकऱ्याने काटा लावला, भाग बरोबर घेतले, ढेपेचे पैसे पुरे मोजले. आणि खुराक मात्र १८ ऐवजी १४ चा झाला. पाच लिटर दूध देणाऱ्या गाईस आपण तिच्या पोषणासाठी सव्वा किलो व दर अडीच लिटर दुधामागे एक किलो या मानाने सव्वातीन किलो खुराक घालतो. त्यात रोज सुमारे सव्वाशे ग्रॅम प्रथिने कमी पडली. एक लिटर गाईच्या दुधातच तेहतीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात हे ध्यानात घेतले, म्हणजे ही तूट किती मोठी आहे हे कळते. मग दूध उतरले की दोष ढेपेवर येतो, किंवा तेली खराब ठरतो.

कोंडा पारखण्याच्या दोन-तीन साध्या खुणा आहेत. शुद्ध, ताज्या कोंड्यात तेल असते. तो मुठीत दाबला असता गोळा होऊन क्षणभर तसाच राहतो. तुसाचा कोंडा मूठ उघडताच सुटा होतो. तळहातावर घेऊन बोटाने चोळल्यास तूस खरखरीत लागते, आणि दाताखाली करकरते. बारीक चाळणीने चाळल्यास वर पिवळट, धारदार कण राहतात. एक किलोतून हे कण किती निघाले ते तोलून ठेवावे. तूस अगदी पीठ झालेले असेल तर मात्र या खुणा पुरत नाहीत. प्रयोगशाळेत तपासणी करविणे हाच मार्ग. पोत्याच्या वरची मूठ न देता चारपाच पोत्यांच्या तळातून, मधून व वरून थोडे थोडे घेऊन, ते एकत्र कालवून त्यातील अर्धा किलो द्यावा. उत्तरात आकडा आला म्हणजे तो सुक्या अंशावर काढला आहे की पदार्थ आहे तसा धरून काढला आहे, हे विचारावे. शेकडा दहा ओल असलेल्या कोंड्याचे १२ टक्के सुक्या अंशावर १३.३ होतात. दोन्ही रीती खऱ्या आहेत. पण चौकोनात एका पदार्थाचा आकडा एका रीतीचा व दुसऱ्याचा दुसऱ्या रीतीचा घातला तर उत्तर निरर्थक होते.

कोंडा सहाचा निघाला तर चौकोन पुन्हा मांडावा. १८ वजा ६ म्हणजे ढेपेचे १२ भाग. २९ वजा १८ म्हणजे कोंड्याचे ११. शंभर किलोत ढेप ५२.२ व कोंडा ४७.८. प्रथिने आता पुन्हा १८ झाली. परंतु येथे वाचकांनी थांबून विचार करावा असे आम्हांस वाटते. प्रथिने भरून निघाली, पण तूस काही नाहीसे झाले नाही. अर्ध्या खुराकात ते आहेच, आणि जनावरास काम करण्यास व दूध करण्यास लागणारी ऊब व शक्ती त्यातून मिळत नाही. चौकोन एकाच गोष्टीचा हिशेब करतो. बाकीच्या सर्व गोष्टींविषयी तो आंधळा आहे. शिवाय शंभरामागे सतरा किलो ढेप अधिक लागली. तिचे पैसे, आणि दूरच्या मोठ्या गिरणीतून शुद्ध कोंडा आणण्याचे भाडे, यांची तुलना प्रत्येकाने करून पाहावी. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, देसाईगंज या धानाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यास ती तुलना बहुधा शुद्ध कोंड्याच्याच बाजूची पडेल. गिरणीपासून दूर अरण्यात राहणाऱ्याचा हिशेब वेगळा येऊ शकतो.

शुद्ध कोंड्यासही एक दोष आहे. त्यातील तेल लवकर खवट होते. सडल्यापासून थोड्याच दिवसांत वास फिरू लागतो, आणि उन्हाळ्यात व पावसाळ्यात तर लवकरच. प्रथिनांचा आकडा त्याने बदलत नाही, म्हणून हिशेब बरोबरच दिसतो. पण जनावर गव्हाणीत खुराक सोडून देते. यास्तव पंधरा दिवस पुरेल इतकाच कोंडा आणावा, सहा महिन्यांचा साठवू नये.

ढेपेच्या आकड्यातही फसवणूक संभवते, ती निराळ्या प्रकारची. प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजीत नाही. ती नत्र मोजते व त्यास सव्वासहाने गुणते. त्यामुळे ज्यात नत्र आहे पण प्रथिन नाही अशी वस्तू मिसळली तरी आकडा चढतो. युरियात शेकडा ४६ नत्र असते. म्हणजे शंभर किलो ढेपेत एक किलो युरिया मिसळला की कागदावर प्रथिने जवळजवळ तीनने वाढतात. हलक्या ढेपेस भारी ठरविण्याचा हा स्वस्त मार्ग आहे. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरास थोडा युरिया पचतो, पण न कळत व न मोजता पोटात गेलेला युरिया जीवघेणा होऊ शकतो. वासरांस व कोंबड्यांस तर त्याचा उपयोगच नाही. संशय आल्यास घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे. मूठभर ढेपेत चमचाभर कच्च्या, न भाजलेल्या सोयाबीनचे पीठ घालून कोमट पाण्यात कालवावे व बाटलीत घट्ट बूच लावून अर्धा तास ठेवावे. सोयाबीनच्या पिठात युरियाचे विघटन करणारे द्रव्य असते. बूच काढताच नवसागराचा झणझणीत वास आला तर युरिया आहे असे समजावे.

वरोरा, भद्रावती या कपाशीच्या बाजूस जवसापेक्षा सरकीची ढेप सुलभ असते. न सोललेल्या सरकीच्या ढेपेत प्रथिने शेकडा २२ च्या सुमारास. चौकोनात २२ व १२ घातले तर ढेपेचे सहा व कोंड्याचे चार भाग येतात. म्हणजे शंभर किलोत ढेप ६० व कोंडा ४०. जवसाची ३५ किलो लागत होती, सरकीची साठ लागते. त्यामुळे किलोच्या भावावरून ढेप स्वस्त की महाग हे ठरवू नये. केवळ हिशेबासाठी समजा की कोंडा २० रुपये, जवसाची ढेप ४० व सरकीची ३२ रुपये किलो आहे. जवसाचा खुराक क्विंटलला २७०६ रुपये पडतो व सरकीचा २७२०. किलोमागे आठ रुपयांनी स्वस्त दिसणारी ढेप अखेर काडीभरही स्वस्त पडली नाही. वाचकांनी आपल्या बाजारचे भाव घालून हाच हिशेब करावा. भाव बदलला की उत्तर फिरते.

जंगलपट्ट्यातील वाचकांस मोहाच्या बियांच्या ढेपेविषयी सांगणे अवश्य आहे, कारण ती जवळपास फुकट मिळते. तीत प्रथिने कोंड्याहून जास्त असतात, आणि चौकोन तिचेही भाग विनातक्रार काढून देईल. परंतु तीत फेस आणणारे विषारी द्रव्य असते. ओढ्याच्या डोहात ती टाकून मासे मारण्याची चाल आपल्या भागात माहीत आहे ती याच कारणाने. ती शेतास घालावी, गव्हाणीत नव्हे. जवसाच्या ढेपेसही एक सावधगिरी हवी. यंत्राच्या घाण्यात तेल काढताना ढेप तापते व तीतील अपायकारक अंश बहुतेक निष्प्रभ होतो. पण लाकडी घाण्याची न तापलेली ढेप पाण्यात भिजवून तशीच ठेवली तर तीत विषारी वायुरूप द्रव्य सुटू शकते. अशी ढेप कोरडीच द्यावी, किंवा भिजवावयाचीच असेल तर दहा मिनिटे उकळून द्यावी. आणि बुरशी चढलेली ढेप, मग ती कशाचीही असो, मिश्रणात घालू नये; तिचा प्रथिनांचा आकडा उत्तम असला तरी बुरशीचे विष दुधातही उतरते.

मिश्रण करण्याची रीत थोडक्यात अशी. ढेप हरभऱ्याच्या दाण्याएवढी फोडावी. खनिज मिश्रण व मीठ प्रथम पाच किलो कोंड्यात नीट कालवावे, एकदम ढिगावर शिंपडू नये. मग ताडपत्रीवर कोंड्याचा पातळ थर, त्यावर ढेपेचा थर, असे थर देऊन सबंध ढीग फावड्याने तीन वेळा एका बाजूकडून दुसरीकडे उलटावा. बारीक कोंडा खाली व ढेपेचे खडे वर राहिले असतील तर मिश्रण झाले नाही. अशा पोत्यातील पहिले घमेले ढेपेचे व शेवटचे कोंड्याचे पडते. जनावरास नवा खुराक आठदहा दिवसांत हळूहळू वाढवीत द्यावा. प्रमाण ठीक बसले असेल तर पंधरवड्यात तणस खाण्याचे मान वाढलेले दिसते, आणि दुधातील फरक बहुधा त्यानंतर कळतो.

कोंडा शुद्ध असला तरी नुसत्या कोंड्याढेपेचा खुराक शक्तीच्या दृष्टीने थोडा हलका पडतो, म्हणून अधिक दूध देणाऱ्या जनावरास त्यात तांदळाची कणी घालण्याची पद्धत आहे. तेव्हा पदार्थ तीन होतात, आणि चौकोन तर दोहोंचाच आहे. यास तोड सोपी आहे. कोंडा व कणी यांचे प्रमाण आपण आधीच ठरवून टाकावे व त्या जोडीस एक पदार्थ समजावे. कोंड्याचे दोन भाग, कणीचा एक. कणीत प्रथिने शेकडा ८ धरली तर जोडीची सरासरी बारा, बारा व आठ यांची बेरीज बत्तीस, तिचा तिसरा हिस्सा, म्हणजे १०.६७ आली. आता चौकोनात ढेप २९ व जोडी १०.६७ मांडावी : ढेपेचे ७.३३ भाग, जोडीचे ११. शंभर किलोत ढेप ४० व जोडी ६०. आणि जोडीतील दोन हिस्से कोंडा म्हणजे ४० किलो, एक हिस्सा कणी म्हणजे २० किलो. पडताळ्यास ढेपेची ११.६, कोंड्याची ४.८ व कणीची १.६ मिळून पुन्हा १८ च भरतात. कणी किती घालावी हे मात्र चौकोन सांगत नाही. ते कणीचा भाव व गाईचे दूध पाहून ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.